एक ओळ, एक नाव : इंग्रजी अलंकारांच्या ओळखीचा इतिहास

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला आहे. एक सुटी ओळ दिलेली असते आणि तिच्यातील अलंकार ओळखावयाचा असतो. उत्तर एका शब्दाचे : सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, हायपर्बोली किंवा ऑक्सिमोरॉन. आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात या नावांसमोर अनुक्रमे उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती आणि विरोधाभास अशी मराठी नावे तयार असतात. ओळीत ‘लाइक’ दिसले की उपमा, झाड बोलू लागले की चेतनगुणोक्ती, ‘हजारदा’ आले की अतिशयोक्ती, अशा खुणा पाठ केल्या की गुण मिळतात. या प्रश्नाची थट्टा करणे सोपे आहे. पण तो आला कोठून, आणि वाटेत त्याने काय टाकून दिले, हे पाहिल्यावाचून त्याचा न्याय करता येणार नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच माग काढणार आहोत.

अलंकाराचे नाव, त्याची व्याख्या आणि त्याखाली एक उदाहरण ही मांडणी फार जुनी आहे. तिचा एक ठळक नमुना इ.स.पू. पहिल्या शतकातील ‘रेटोरिका आद हेरेन्नियम’ या लॅटिन ग्रंथात सापडतो. तो बराच काळ सिसेरोच्या नावावर मोडत असे. खरा कर्ता अज्ञात आहे. त्याच्या चौथ्या पुस्तकात अलंकारांची मोठी मालिका येते आणि तिच्या आधी ग्रंथकार एका प्रश्नावर बरीच पाने खर्च करतो : उदाहरणे कोठून घ्यावीत? ग्रीक आचार्य ती नामवंत कवी आणि वक्त्यांकडून उसनी घेत. या ग्रंथकाराला ते मान्य नाही. जो कलेचे नियम शिकवतो त्याला त्या नियमांबरहुकूम स्वतः रचना करता आली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. म्हणून त्याने आपली उदाहरणे स्वतः घडवली. केवळ अलंकार दाखवण्यासाठी घडवलेले वाक्य, ही आपल्या प्रश्नपत्रिकेतील ओळीची पूर्वज म्हणावी लागेल. मात्र एक फरक लक्षात घ्यावा. त्याची पुष्कळशी उदाहरणे न्यायालयातील वा सभेतील भाषणाच्या तुकड्यासारखी आहेत. कोण कोणाला, कशासाठी बोलत आहे, हे त्यातून कळते. उदाहरण सुटे असले तरी प्रसंग सुटलेला नव्हता.

पुढे पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने आपल्या बारा पुस्तकांच्या ग्रंथात नेमका उलट मार्ग घेतला. त्याची उदाहरणे मुख्यतः व्हर्जिल आणि सिसेरो यांची आहेत. तो अर्धी ओळ देऊन थांबतो, कारण उरलेली ओळ, तिचा प्रसंग आणि बोलणारे पात्र वाचकाला ठाऊक आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. रोमन शाळेत व्हर्जिल हा पाठांतराचा विषय होता. म्हणजे तेथेही ओळ एकटी दिसते, पण एकटी नसते. एका ओळीवरून अलंकार ओळखण्याची रीत जन्मली ती ज्यांना संपूर्ण काव्य मुखोद्गत आहे अशा विद्यार्थ्यांसाठी. काव्य विसरले गेले, ओळ मागे राहिली, आणि आपल्या अडचणीचे मूळ बव्हंशी येथे आहे.

क्विंटिलियनचे आणखी एक ऋण आपण नकळत फेडत असतो. ॲरिस्टॉटलने अकिलीज आणि सिंह यांच्या उदाहरणाने उपमा व रूपक यांतील नाते सांगितले होते. त्याच्या मते उपमा हीच एक प्रकारचे रूपक आहे, फक्त तिच्यात एक शब्द जादा असतो. क्विंटिलियनने हे उलटे केले : रूपक म्हणजे आखूड केलेली उपमा. ‘लाइक’ वगळले की सिमिलीचा मेटाफर होतो, ही वर्गात सर्रास सांगितली जाणारी युक्ती या दुसऱ्या मताची संतती आहे. ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे मेटाफर म्हणजे दडवलेली तुलना एवढीच समजूत रुजते. ‘फूट ऑफ द हिल’ म्हणताना आपण टेकडीची कशाशीही तुलना करीत नसतो. नाव नसलेल्या वस्तूला दुसऱ्याचे नाव उसने दिलेले असते, एवढेच. हेही क्विंटिलियनला ठाऊक होते. युक्तीने मात्र ते गाळले.

लॅटिनमधील ही सामग्री इंग्रजीत उतरली ती सोळाव्या शतकात. रिचर्ड शेरी यांचा ग्रंथ १५५० मध्ये आला, हेन्री पीचम यांचे ‘द गार्डन ऑफ एलोक्वेन्स’ १५७७ मध्ये आणि ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी’ १५८९ मध्ये. हे शेवटचे पुस्तक लेखकाच्या नावाविना छापले गेले; आज ते जॉर्ज पटनम यांचे मानले जाते. पटनम यांच्यापुढील पेच आपल्या परिचयाचा आहे. ग्रीक नावे दरबारातील इंग्रज स्त्रीपुरुषांच्या जिभेवर बसत नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक अलंकाराला देशी नाव दिले, आणि ती नावे एखाद्या नाटकातील पात्रांची असावीत तशी आहेत. हायपर्बोली हा त्यांच्या लेखी ‘ओव्हर-रीचर’, म्हणजे आवाक्याबाहेर हात घालणारा. त्याचेच दुसरे नाव ‘लाउड लायर’, मोठ्या आवाजात खोटे बोलणारा. आयरनी म्हणजे ‘ड्राय मॉक’, कोरडी टवाळी. मेटाफर म्हणजे वाहून नेणारा अलंकार. विरोधी शब्दांची जोडी जमवणाऱ्या अलंकाराला त्यांनी ‘क्रॉस-कपल’ म्हटले. आजचा ऑक्सिमोरॉन साधारणपणे त्याच घरातला. ऑक्सिमोरॉन हा शब्द इंग्रजीत पुढच्या, सतराव्या शतकात आला. तीक्ष्ण आणि मठ्ठ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड असल्यामुळे तो स्वतःच स्वतःचे उदाहरण आहे.

या नावांत गंमत आहे, पण केवळ गंमत नाही. खोटारडा, टवाळखोर, वाहक ही नावे कर्त्यांची आहेत. अलंकार ही ओळीत आढळणारी वस्तू नसून कोणीतरी कोणालातरी उद्देशून केलेली कृती आहे, ही समजूत त्यांत बोलते. खोटारडा म्हटला की ऐकणारा आलाच. हायपर्बोली खोटे बोलते, पण फसवण्याच्या इराद्याने नव्हे, असे क्विंटिलियनने आधीच म्हटले होते. म्हणजे अतिशयोक्तीची खरी कसोटी वाक्यात नाही. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही ते अक्षरशः खरे नाही हे ठाऊक असण्यात आहे.

पीचम यांनी १५९३ मध्ये आपल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली. आमच्या दृष्टीने ती या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे. तीत अलंकाराची व्याख्या आणि उदाहरणे दिल्यावर ते दोन छोटी टिपणे जोडतात. पहिले उपयोगाचे : हा अलंकार कशासाठी वापरावा. दुसरे सावधगिरीचे : तो कोठे बिघडतो. रूपकाच्या बाबतीत, उपमान फार लांबून ओढून आणलेले नसावे, ते अभद्र नसावे, अशा जातीच्या सूचना येतात. पीचम धर्मोपदेशक होते. प्रवचनात एखादी प्रतिमा फसली तर श्रोते हसतात, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसणार. म्हणजे अलंकाराच्या नोंदीचे चार भाग झाले : नाव, उदाहरण, उपयोग, सावधगिरी. आपल्या प्रश्नपत्रिकेत यांपैकी पहिले दोन उरले आहेत. शेवटचे दोन कसे गळाले?

याचे उत्तर शोधताना एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीन विद्यापीठात जावे लागते. तेथील अलेक्झांडर बेन हे तर्कशास्त्राचे प्राध्यापक आणि त्या काळचे नामांकित मानसशास्त्रज्ञ. इंग्रजी रचना शिकवणे हेही त्यांच्याकडेच होते. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘इंग्लिश कॉम्पोझिशन अँड रेटोरिक’ या पाठ्यपुस्तकात त्यांनी अलंकारांना मनाच्या व्यापारांवर बसवले. बुद्धी तीन कामे करते, असे त्यांचे मानसशास्त्र सांगे : भेद जाणणे, साम्य जाणणे आणि एकत्र अनुभवलेल्या गोष्टी एकत्र स्मरणे. त्याप्रमाणे अलंकारही तीन खणांत गेले. उपमा आणि रूपक साम्याच्या खणात, विरोधावर उभे असलेले भेदाच्या खणात, आणि ‘मुकुट’ म्हणून राजा सुचवणारे साहचर्याच्या खणात. जुन्या याद्यांतील शेकडो नावांच्या गोंधळात ही व्यवस्था मोठीच सुटसुटीत होती, आणि तिच्यामागे खरा विचार होता.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट हळूच बदलली. पीचम यांचा प्रश्न होता, बोलणाऱ्याने हे का केले? बेन यांच्या खणांचा प्रश्न होता, या दोन वस्तूंत नाते कोणते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ओळीतच मिळते. बोलणारा आणि प्रसंग लागत नाही. बेन स्वतः अलंकाराच्या परिणामाविषयी पुष्कळ लिहितात, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु पुस्तकाची मांडणी जेवढी सोपी तेवढी तिची नक्कल सोपी, आणि नकलेत सांगाडा तेवढा जातो. भारतात हा सांगाडा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून घरोघरी पोहोचला. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले इंग्रज गृहस्थ, कादंबरीकार म्हणूनही प्रसिद्ध. त्यांच्या हायस्कुलासाठीच्या व्याकरणात अलंकारांचे एक छोटे प्रकरण आहे. साम्यावर आधारलेले, विरोधावर आधारलेले, साहचर्यावर आधारलेले आणि रचनेवर अवलंबून असलेले, अशी त्यातील वर्गवारी वाचताना ॲबर्डीनचे तीन खण स्पष्ट ओळखू येतात. प्रकरणाच्या शेवटी सराव येतो : वाक्ये दिली आहेत, अलंकार सांगा. एका गुणाच्या प्रश्नाला याहून सोयीचे काही नव्हते.

आता ही सोय कोठपर्यंत चालते ते एका ओळीवर तपासून पाहू. उदाहरण आमचेच आहे : ‘द फाइल स्लेप्ट इन द ऑफिस फॉर अ हंड्रेड इयर्स.’ फाइल कचेरीत शंभर वर्षे झोपली. अलंकार कोणता?

एक विद्यार्थी लिहितो, पर्सॉनिफिकेशन. फाइल निर्जीव आहे, झोप सजीवाची. दुसरा लिहितो, हायपर्बोली; शंभर वर्षे हे उघडच फुगवलेले आहे. तिसरा लिहितो, मेटाफर; पडून राहण्याला झोप म्हटले आहे. उत्तरसूचीत यांपैकी एकच नाव असेल, तर तिघांपैकी दोघांना शून्य मिळेल. त्यांचे चुकले काय?

पहिल्याचे उत्तर घेऊ. झोप मनुष्य घेतो तशी मांजरही घेते. मग हे व्यक्तीकरण झाले की नुसते सजीवकरण? प्राचीन ग्रंथांत या अलंकाराचे नाव प्रोसोपोपिया. मृताला, गैरहजर माणसाला, देशाला किंवा नगरीला वाचा देऊन बोलायला लावणे हा त्याचा गाभा. पटनम यांनी त्याला खोटी व्यक्ती उभी करणे अशा अर्थाचे नाव दिले. पर्सॉनिफिकेशन हा शब्द इंग्रजीत रुळला तो अठराव्या शतकात, आणि हळूहळू निर्जीवाला कोणतेही सजीव क्रियापद लावले तरी तो पुरेसा मानला जाऊ लागला. जुन्या कसोटीने आपली फाइल नापास होते, नव्या कसोटीने उत्तीर्ण. कसोटी लावायची असल्यास वाक्य पुढे वाढवून पाहावे. ‘फाइल झोपली, आणि साहेबांची बदली झाल्यावर आळस देत उठली’ असे वाक्य चालले, तर व्यक्ती उभी राहिली. वाढवताना ते विचित्र वाटले, तर झोप हे फक्त एका क्रियापदापुरते रूपक होते. म्हणजे पहिला आणि तिसरा विद्यार्थी परस्परविरोधी नाहीत. ते एकाच गोष्टीच्या दोन अवस्था सांगत आहेत.

दुसऱ्याचे उत्तर त्याहून बोधप्रद आहे. ही ओळ कंटाळलेल्या अर्जदाराच्या तोंडी असेल आणि अर्ज तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर ती अतिशयोक्ती. पण तीच ओळ एखाद्या इतिहाससंशोधकाने लिहिली असेल, आणि १९०५ चा कागद खरोखरच २००५ मध्ये कपाटात सापडला असेल, तर शंभर वर्षे हे साधे सत्य आहे. ओळीतील एकही अक्षर बदललेले नाही, अतिशयोक्ती मात्र नाहीशी झाली. बेन यांच्या खणांत दोन वस्तूंमधील नाते पाहावे लागते. हायपर्बोलीत पाहावे लागते ते वाक्य आणि वस्तुस्थिती यांतील अंतर, आणि ते अंतर ऐकणाऱ्याला दिसते आहे की नाही. एका सुट्या ओळीत वस्तुस्थिती मावत नाही. म्हणून परीक्षेतील अतिशयोक्तीची उदाहरणे नेहमी अचाट असतात : अश्रूंचे समुद्र, डोक्यावर आकाश. प्रसंगावाचून ओळखू यावी म्हणून ती मुद्दाम अशक्यप्राय करावी लागते. विद्यार्थी मग असे समजतो की अतिशयोक्ती म्हणजे अशक्य गोष्ट. ‘तुझी मी तासभर वाट पाहतो आहे’ या, वीस मिनिटे थांबलेल्या माणसाच्या वाक्यातील अतिशयोक्ती त्याला दिसत नाही.

एका ओळीची रीत सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काही अलंकारांची खूण खरोखरच शब्दांत असते. ऑक्सिमोरॉन त्यांतील पहिला. ‘लाउड सायलेन्स’ असा दोन शब्दांचा जोड पुरे आहे. त्याला प्रसंग लागत नाही. तेथे गफलत होते ती पॅराडॉक्सशी. ‘जितके शिकलो तितके अज्ञान वाढले’ हे पूर्ण विधान आहे, त्यातील विरोध विचारात आहे आणि तो विचारानेच सुटतो. ऑक्सिमोरॉनमध्ये विरोध विशेषण आणि विशेष्य यांच्या सांध्यात असतो. मराठीत विरोधाभास हा एकच शब्द आपण दोहोंसाठी वापरतो, आणि म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची ही चूक अज्ञानाची नसून भाषांतराची असते.

सिमिलीचीही खूण शब्दांत असते, पण ती अपुरी आहे. ‘शी इज ॲज टॉल ॲज हर ब्रदर’ या वाक्यात ‘ॲज’ दोनदा आले तरी ती उपमा नव्हे. बहीणभावांची उंची मोजली आहे, इतकेच. तुलना भिन्न जातीच्या वस्तूंत हवी. उलट ‘ॲज इफ’ने सुरू होणारे वाक्य इंग्रजीत सिमिलीत जाते, तर ‘जणू’ शब्द दिसताच मराठीचा चांगला विद्यार्थी त्याला उत्प्रेक्षा म्हणतो, आणि आपल्या परंपरेत त्याचे बरोबरच आहे. असाच फरक रूपकात आहे. आपल्याकडे रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही उपस्थित असतात. उपमानाने उपमेयाला गिळून टाकले की संस्कृत आलंकारिक, उदाहरणार्थ मम्मट, त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. इंग्रजी मेटाफर या दोहोंना पोटात घेतो. म्हणजे मेटाफर बरोबर रूपक आणि हायपर्बोली बरोबर अतिशयोक्ती हे समीकरण दोन्ही बाजूंनी गळके आहे. शाळेत ते चालवून घ्यावे लागते; पदवीच्या वर्गात तरी ते उकलून दाखवावयास हवे.

मग परीक्षेत विचारावे काय? आम्हांला वाटते, उत्तर पीचम यांच्या त्या दोन टिपणांत आहे. एका ओळीऐवजी तीनचार ओळींचा उतारा द्यावा, बोलणारा कोण हे कळू द्यावे, आणि नावापुढे दोन छोटे प्रश्न जोडावेत : हा अलंकार काढून साधे वाक्य ठेवले तर काय हरवते? आणि हाच अलंकार कोणाच्या तोंडी विसंगत वाटेल? फाइलीच्या वाक्यातून ‘झोपली’ काढून ‘पडून राहिली’ ठेवले, तर कोणी तिला झोपू दिले हा आरोप हरवतो. ‘शंभर’ काढून ‘तीन’ ठेवले, तर अर्जदाराचा त्रागा हरवतो आणि माहिती उरते. तेच वाक्य कचेरीच्या प्रमुखाने खुलाशादाखल लिहिले, तर ते बेपर्वाईचे ठरेल. असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने नाव मेटाफर लिहिले काय किंवा पर्सॉनिफिकेशन लिहिले काय, त्याला अलंकार कळला आहे.

तपासणाऱ्याचे काम याने वाढेल, हे खरे. एका शब्दाच्या उत्तराला बरोबरची खूण करणे क्षणाचे काम असते, दोन वाक्यांचे उत्तर वाचावे लागते. अलंकारांच्या नोंदीतून उपयोग आणि सावधगिरी गळून पडली, त्यामागे कोणा एकाचे अज्ञान नव्हते. मोठ्या वर्गांची, छापील उत्तरसूचीची आणि एका गुणाची गरज होती. ती गरज आजही आहे. पण गरजेपोटी आखडलेली गोष्ट म्हणजेच संपूर्ण विषय, असे निदान शिकवणाऱ्याने मानू नये.